विश्लेषण : १८ लाखांचे पॅकेज की जीएसटी इन्स्पेक्टरची खुर्ची? पगार, पेन्शन आणि बदलीचा हिशेब काय सांगतो?

एका हातात पुण्यातल्या कंपनीचे १८ लाखांचे ऑफर लेटर आणि दुसऱ्या हातात एसएससी सीजीएल परीक्षेचा अंतिम निकाल, पद केंद्रीय जीएसटी विभागातील इन्स्पेक्टर. इंजिनीअरिंग करून दोन-तीन वर्षे नोकरी आणि सोबत अभ्यासिका, असा दुहेरी मार्ग धरलेल्या अनेक तरुणांपुढे हा पेच येतो. घरचे म्हणतात, ‘सरकारी सोडू नकोस’. मित्र म्हणतात, ‘९० हजारांसाठी १८ लाख सोडणार?’ दोघेही मनातला एकच आकडा पकडून बोलत असतात. प्रत्यक्षात या दोन नोकऱ्यांचा पगार वेगवेगळ्या मापाने मोजला जातो. शिवाय फरकाचा मोठा भाग पगारपत्रकात दिसतच नाही. त्यामुळे ही दोन्ही कागदपत्रे शेजारी ठेवून एकदा ओळ न् ओळ वाचलेली बरी.

सरकारी पगार नेमका किती?

इन्स्पेक्टरचे पद सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ७ मध्ये येते. सुरुवातीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये. यावर जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्के दराने महागाई भत्ता २६,०४२ रुपये होतो. नेमणूक पुण्यात असेल तर घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १३,४७० रुपये. पुणे मोठ्या शहरांच्या यादीत असल्याने वाहतूक भत्ता ३,६०० रुपये, आणि त्यावरही महागाई भत्ता मिळत असल्याने तो ५,६८८ रुपयांवर जातो. सगळे मिळून बरोबर ९०,१०० रुपये.

यातून कपात होते ती मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के, म्हणजे ७,०९४ रुपये पेन्शनसाठी. सीजीएचएस या आरोग्य योजनेचे ६५० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये. विम्याची किरकोळ कपात सोडून देऊ. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली तर करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आतच राहते, त्यामुळे प्राप्तिकर शून्य. हातात पडतात सुमारे ८२,१५० रुपये.

आणि १८ लाखांतले हातात किती येतात?

इथे ‘सीटीसी’ या शब्दाने बरीच फसगत होते. सीटीसी म्हणजे तुमचा पगार नव्हे, तर तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च. नेहमीच्या मांडणीचे एक पॅकेज घेऊ. निम्मी रक्कम, म्हणजे वर्षाला ९ लाख, मूळ वेतन. त्यावर कंपनीचा पीएफचा १२ टक्के वाटा १,०८,००० रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी ४३,२९० रुपये आणि कामगिरीवर अवलंबून असलेला ‘व्हेरिएबल’ १,८०,००० रुपये. हे तिन्ही दर महिन्याला मिळत नाहीत. ते वजा केले की महिन्याचा पगार १,२२,३९२ रुपये उरतो.

त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ९,०००, व्यवसाय कर २०० आणि प्राप्तिकर सुमारे ७,७०० रुपये जातो. हातात येतात सुमारे १,०५,४५० रुपये. व्हेरिएबल पूर्ण मिळाला तर कर कापून वर्षातून एकदा आणखी १ लाख ५२ हजारांच्या आसपास. तो पूर्ण मिळेलच, असे मात्र ऑफर लेटरमध्ये कुठेही लिहिलेले नसते.

सरकारी पगाराचे वार्षिक १०.८ लाख आणि समोर १८ लाख असे पाहिले की फरक सात लाखांच्या वर वाटतो. महिन्याच्या हातातल्या पैशात तो २३,३०० रुपयांचा आहे. कमी नाही, पण व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगितला जातो तेवढाही नाही. तुमच्या पॅकेजमध्ये पीएफ पूर्ण १२ टक्क्यांनी धरला आहे की महिना १,८०० रुपयांवर थांबवला आहे, हेही तपासा. दुसरा प्रकार असेल तर हातात थोडे जास्त येईल आणि म्हातारपणासाठी बरेच कमी उरेल.

भत्ते तुमचे की गावाचे?

सरकारी पगारातला घरभाडे भत्ता कर्मचाऱ्यामागे नव्हे, नेमणुकीच्या ठिकाणामागे जातो. शहरांचे तीन गट आहेत आणि सध्या त्यांचे दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के आहेत. हाच इन्स्पेक्टर पुण्याऐवजी कोल्हापुरात बसला तर घरभाडे भत्ता ८,९८० रुपये होतो. वाहतूक भत्ताही निम्मा होऊन महागाईसह २,८४४ रुपयांवर येतो. एकूण पगार ८२,७६६. साताऱ्यासारख्या ठिकाणी घरभाडे भत्ता ४,४९० रुपये आणि एकूण ७८,२७६. म्हणजे काम तेच, हुद्दा तोच, पण पुण्यापेक्षा महिन्याला ११,८०० रुपये कमी.

तुम्ही स्वतः साताऱ्याला राहायला गेलात तर यात तोटा नाही, कारण तिथले भाडेही कमी. तोटा होतो तो कुटुंब पुण्यात ठेवून तुम्ही एकटे गेलात तर. भत्ता साताऱ्याचा मिळतो आणि भाडे दोन्हीकडे भरावे लागते. सरकारी क्वार्टर मिळाले तर घरभाडे भत्ता बंद होतो आणि त्यापुढे नाममात्र परवाना शुल्क कापले जाते. पुण्यासारख्या शहरात हा सौदा अनेकदा फायद्याचा ठरतो, पण क्वार्टर रुजू होताच हातात पडत नाही, प्रतीक्षा यादी असते.

बाकी भत्त्यांबद्दल थोडक्यात. दोन मुलांपर्यंत प्रत्येकी महिना २,८१२ रुपये ५० पैसे शैक्षणिक भत्ता मिळतो. नव्याने रुजू झालेल्याला पहिल्या आठ वर्षांत चार वर्षांच्या गटात तीनदा मूळ गावी आणि एकदा देशात कुठेही जाण्यासाठी प्रवास सवलत मिळते. लेव्हल ७ ला ती रेल्वेच्या एसी टू-टियरची. आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली आहे. त्याच्या शिफारशी लागू झाल्या की वरचे सगळे आकडे नव्याने मांडावे लागतील. पण ‘पगार दुप्पट होणार’ असे जे मेसेज फिरतात, त्यात महागाई भत्ता मूळ वेतनात विलीन होऊन पुन्हा शून्यापासून सुरू होतो, हे सांगितलेले नसते.

पेन्शनची खरी किंमत किती?

आता पगारपत्रकात न दिसणाऱ्या भागाकडे. जुनी पेन्शन केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर रुजू झालेल्यांना नाही. आज रुजू होणाऱ्यापुढे दोन पर्याय आहेत. एक एनपीएस, ज्यात तुमचे १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के बाजारात गुंतवले जातात आणि शेवटी जे जमेल ते तुमचे. दुसरी १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेली एकीकृत निवृत्तिवेतन योजना, म्हणजे यूपीएस. यात तुमचे १० टक्केच, सरकारचा एकूण वाटा १८.५ टक्के आणि २५ वर्षे सेवा पूर्ण झाली असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के रक्कम पेन्शन म्हणून खात्रीने मिळते. त्यावर महागाई सवलत, म्हणजे भाव वाढले की पेन्शनही वाढते. सेवा १० ते २५ वर्षे असेल तर त्या प्रमाणात. निवृत्तीनंतर कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर जोडीदाराला ६० टक्के.

याची किंमत रुपयांत काढता येते. २६ व्या वर्षी लागलेला इन्स्पेक्टर ६० व्या वर्षी निवृत्त होईल, म्हणजे ३४ वर्षे सेवा. एकही बढती मिळाली नाही आणि फक्त दरवर्षीची ३ टक्के वेतनवाढ धरली तरी आजच्याच तक्त्यात त्याचे मूळ वेतन १ लाख २० हजारांच्या जवळ पोहोचते. पेन्शन ६०,००० आणि आजच्या दराने महागाई सवलत धरून ९४,८०० रुपये. हे आजच्या भावातले आकडे आहेत, ३४ वर्षांनंतरचे फुगलेले नव्हेत.

खासगी नोकरीतल्या माणसाला हेच उत्पन्न हवे असेल तर? महागाईबरोबर आपोआप वाढणारी पेन्शन विमा कंपन्यांकडे विकत मिळत नाही. फार तर दरवर्षी ठरावीक टक्क्याने वाढणारी मिळते. म्हणून गाठीशी मोठी रक्कम ठेवून दरवर्षी तिच्यातले ४ टक्के काढायचे, हा ढोबळ ठोकताळा वापरू. वर्षाला ११ लाख ३८ हजार हवेत, म्हणजे आजच्या भावात सुमारे २ कोटी ८४ लाखांची पुंजी लागते.

यातला मोठा भाग पीएफमधून उभा राहतो. दोन्ही बाजूंचे मिळून महिना १८,००० रुपये, त्यातले १,२५० कर्मचारी पेन्शन योजनेत जातात, म्हणजे खात्यात १६,७५०. पगार महागाईपेक्षा ३ टक्क्यांनी जास्त वाढत गेला आणि व्याजही महागाईपेक्षा ३ टक्के जास्त मिळाले, असे धरू. ३४ वर्षांनी आजच्या भावात सुमारे १ कोटी ८१ लाख जमतात. कमी पडतात १ कोटी ३ लाख. ते भरून काढायला पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ९,५०० रुपये बाजूला टाकावे लागतील आणि पगार वाढेल तशी ती रक्कमही वाढवावी लागेल.

म्हणजे वरच्या २३,३०० रुपयांच्या फरकातले ९,५०० रुपये खरे तर खर्चायचे नाहीत, ती तुमची पेन्शन आहे. उरतात १३,८०० आणि मिळाला तर व्हेरिएबल. इथवर खासगी नोकरीचे पारडे जडच आहे.

पण या गणितात एक गृहीतक लपलेले आहे. खासगी नोकरी ६० व्या वर्षापर्यंत चालेल, असे आपण धरले. आयटीत पन्नाशीनंतर त्याच पगारावर किती जण टिकतात, हे ज्याने त्याने आपल्या ऑफिसात आजूबाजूला पाहावे. पगार पन्नाशीला थांबला तर पीएफमधून सुमारे १ कोटी २८ लाखच उभे राहतात. उरलेले दीड कोटीहून अधिक २४ वर्षांत जमवायला महिन्याला २०,४०० रुपये बाजूला टाकावे लागतात. मग २३,३०० मधले जेमतेम तीन हजार खर्चायला उरतात, आणि पन्नास ते साठ या दहा वर्षांच्या घरखर्चाची सोय तर अजून झालेलीच नाही. उलट बाजूही तितकीच खरी. ज्याचा पगार नोकऱ्या बदलत पाच वर्षांत दुप्पट होणार आहे, त्याच्यासाठी हा सगळा हिशेब पहिल्या पाच वर्षांतच मागे पडतो.

यूपीएस की एनपीएस, यात फसायला कुठे होते?

यूपीएसची हमी शेवटपर्यंत थांबणाऱ्यासाठी आहे. राजीनामा दिला तर हमीची पेन्शन मिळत नाही. २५ वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेता येते, पण पेन्शन त्या दिवशी सुरू होत नाही. तुम्ही नियमित निवृत्त झाला असता त्या तारखेपासून ती सुरू होते. म्हणजे २६ व्या वर्षी लागून ५१ व्या वर्षी बाहेर पडलेल्याला ६० पर्यंत वाट पाहावी लागेल. जुन्या पेन्शनच्या आठवणीवर ‘पन्नाशीला पेन्शन घेऊन शेती बघेन’ असा बेत करणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. खात्यातून मध्येच अंशतः रक्कम काढली आणि परत भरली नाही, तरीही पेन्शन त्या प्रमाणात घटते.

एनपीएसमधली रक्कम मात्र तुमच्या प्रान खात्यात तुमच्याबरोबर येते. नोकरी सोडली तरी खाते चालू ठेवता येते. सरकारी नोकरी सहा-सात वर्षे करून पुन्हा खासगीत किंवा परदेशात जायचा विचार असेल तर एनपीएस सरळ आहे. सेवाकाळ लांब आहे, त्यातून शेअर बाजारातला परतावा चांगला मिळेल असे मानणाऱ्यालाही ती पटू शकते. माझ्या मते २५ वर्षे राहणार हे ज्याचे ठरलेले आहे आणि ज्याला बाजाराची चिंता डोक्यावर नको आहे, त्याने यूपीएस घ्यावी. यूपीएसमधून एनपीएसकडे जाण्याची एक संधी निवृत्तीच्या एक वर्ष आधीपर्यंत असते. उलट दिशेची मात्र नाही.

बदलीचे काय? ‘नंतर घराजवळ करून घेऊ’ हे खरे आहे का?

या सबंध निर्णयात सर्वात महाग पडणारा गैरसमज हाच आहे. सीजीएलमधून केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळात निवड झाली की उमेदवाराला झोन मिळतो. तो गुणवत्ता क्रमांक, पसंतीक्रम आणि त्या वर्षीच्या रिक्त जागा यांवर ठरतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर असे झोन आहेत. पुणे झोनमध्ये कोल्हापूर आणि गोवाही येतात. त्या त्या झोनच्या हद्दीत बदल्या होतच राहतात. संवेदनशील समजल्या जाणाऱ्या कामावर एकाच माणसाला दोन-तीन वर्षांहून अधिक ठेवत नाहीत. पण त्या बदल्या पुणे-कोल्हापूर अशा टप्प्यातल्या. प्रश्न झोन ओलांडण्याचा आहे.

पूर्वी आपली ज्येष्ठता सोडून, नव्या झोनच्या यादीत सगळ्यात खाली जाऊन बदली मागता येत असे. बढती लांबायची, पण माणूस घरी यायचा. २०१६ च्या भरती नियमांनी प्रत्येक संवर्ग नियंत्रण प्राधिकरणाचा संवर्ग स्वतंत्र केला. त्याआधारे २० सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाने आंतर-आयुक्तालय बदलीचे अर्ज विचारात घेणे थांबवले. अपवादात्मक, सहानुभूतीच्या कारणांसाठी ‘लोन बेसिस’वर म्हणजे उसनवारीने ठरावीक मुदतीपुरते दुसरीकडे जाण्याची वाट ठेवली. तो हक्क नव्हे.

याविरुद्धचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० मार्च २०२२ रोजी एस. के. नौशाद रहमान प्रकरणात न्यायालयाने हे परिपत्रक वैध ठरवले. मात्र पती-पत्नीची एकत्र नेमणूक, दिव्यांग कर्मचारी आणि सहानुभूतीची कारणे यांच्या दृष्टीने धोरणाचा फेरविचार करावा, असेही सरकारला सांगितले. म्हणून झोनचा पसंतीक्रम भरताना मंडळाचे सर्वात ताजे परिपत्रक स्वतः वाचावे, क्लासमधल्या सरांच्या दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नये. पती-पत्नीला शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे, असे केंद्राचे २००९ चे निर्देश आहेत. दोघेही सरकारी सेवेत असतील तर त्यांचा आधार घेता येतो, तरी त्यात ‘शक्यतो’ हा शब्द आहे.

याचा पैशांशी संबंध काय? समजा झोन कोलकाता मिळाला. कोलकाताही मोठ्या शहरांच्या गटात असल्याने पगार पुण्याइतकाच, ९०,१०० रुपये. कागदावर काहीच बिघडलेले नाही. पण पत्नी किंवा पती पुण्यात नोकरीला असेल तर दोन घरे चालवावी लागतील. दुसऱ्या घराचे भाडे महिना १५,००० आणि वर्षाला सहा फेऱ्या, फेरीला १२,००० असे साधे अंदाज धरले तरी महिन्याला २१,००० रुपये जातात. हातातल्या ८२ हजारांचे ६१ हजार होतात आणि खासगीशी फरक २३,३०० वरून ४४,००० च्या वर जातो. प्रवास सवलतीने वर्षातली एखादीच फेरी भरून निघते. जोडीदाराने नोकरी सोडून कोलकात्याला यायचे ठरवले तर तुटणारा पगार आणखी मोठा. प्रशासकीय कारणाने बदली झाली तर मूळ वेतनाच्या ८० टक्के, म्हणजे सुरुवातीच्या पगारावर ३५,९२० रुपये बदली अनुदान आणि सामान हलवण्याचा खर्च मिळतो. स्वतःच्या विनंतीवरून झालेल्या बदलीला हे काहीच मिळत नाही.

खासगी ऑफर लेटरमध्येही ‘कंपनीच्या कोणत्याही कार्यालयात बदली होऊ शकते’ असे एक वाक्य असतेच. फरक इतका, की तिथे न पटल्यास ६० किंवा ९० दिवसांची नोटीस देऊन दुसरी नोकरी धरता येते. इन्स्पेक्टरला दुसऱ्या शहरात तेच पद देणारा दुसरा मालक नसतो.

म्हणूनच एकाच निकालातल्या दोन उमेदवारांना वेगवेगळा सल्ला द्यावा लागतो. पुणे किंवा मुंबई झोन मिळालेला, लवकर स्थिरावू पाहणारा आणि खासगीत वेगाने वर जाण्याची फारशी खात्री नसलेला उमेदवार १८ लाख सोडून गेला तर त्यात काही वेडेपणा नाही. ज्याला घरापासून दीड-दोन हजार किलोमीटरवरचा झोन मिळाला आहे आणि ज्याच्या जोडीदाराची नोकरी पुण्यात रुजलेली आहे, त्याने ‘नंतर बघू’ म्हणून रुजू होऊ नये. त्याच्यासमोर उरतात दोन मार्ग. कंपनीची ऑफर घ्यायची किंवा घराजवळ राहता येईल अशा राज्य सेवेच्या पदासाठी पुन्हा परीक्षा द्यायची.

रुजू होणाऱ्यासाठी आणखी एक तारीख महत्त्वाची. यूपीएसचा पर्याय रुजू झाल्यापासून ३० दिवसांत भरून द्यावा लागतो. त्या मुदतीत अर्ज दिला नाही तर तुम्ही एनपीएसमध्ये आहात, असे धरले जाते.